पान ३० चा मजकूर पान २८ वर कसा आला?

एका पतसंस्थेचे उपविधी २००३ साली वर्डमध्ये टाइप झाले, असं समजू. चाळीस पानं, .doc फाइल, सुरुवातीला हातानं टाइप केलेली अनुक्रमणिका. ‘पान ३० वरील थकबाकीसंबंधीचा उपविधी’ असे उल्लेख वीस वर्षांच्या ठरावांत, नोटिसांत आणि पत्रव्यवहारात विखुरलेले आहेत. एके दिवशी कार्यालयातल्या नव्या संगणकावर ही फाइल उघडली जाते. वरच्या पट्टीत फाइलच्या नावाशेजारी Compatibility Mode असं दिसतं. हे दोन शब्द काहीतरी बिघडल्यासारखे वाटतात, म्हणून कोणीतरी File, मग Info आणि तिथलं Convert हे बटण दाबतं. वर्ड एक इशारा देतो, त्यावर OK होतं आणि ते शब्द नाहीसे होतात. फाइलही नाहीशी झालेली नाही, एक अक्षरही खोडलेलं नाही. फक्त आता ती सदतीस पानांची झाली आहे आणि थकबाकीचा उपविधी पान २८ वर आहे.

तीन पानं कुठे गेली, याचं उत्तर वर्डच्या एका जुन्या, जवळजवळ कुणालाच माहीत नसलेल्या नियमात आहे. पण त्याआधी त्या वरच्या पट्टीतल्या शब्दांचा अर्थ लावायला हवा, कारण ते बिघाडाचे नाहीतच.

वर्डची फाइल म्हणजे छापील पानाचा फोटो नव्हे. तिच्यात मजकूर असतो आणि त्याच्याविषयीच्या सूचना असतात: हा फाँट, हा आकार, या परिच्छेदाच्या वर इतकी जागा, खाली इतकी. पान प्रत्यक्ष कसं दिसेल ते या सूचना वाचून वर्ड दर वेळी नव्यानं ठरवतो. साहजिकच सूचना त्याच राहिल्या आणि त्या वाचण्याचे नियम बदलले, तर पानही बदलतं. मायक्रोसॉफ्टनं हे नियम वेळोवेळी बदलले आहेत. जुन्या फायली विस्कटू नयेत म्हणून वर्ड प्रत्येक फाइलबरोबर, ती कोणत्या काळातल्या नियमांनी मांडायची, याचा एक आकडा लक्षात ठेवतो. ११ म्हणजे वर्ड २००३ आणि त्याआधीचे नियम, १२ म्हणजे वर्ड २००७, १४ म्हणजे वर्ड २०१० आणि १५ म्हणजे वर्ड २०१३. त्यानंतर वर्डच्या २०१६, २०१९ अशा आवृत्त्या आल्या, वर्गणीवर मिळणारा वर्डही आला, पण आकडा १५ वरच थांबलेला आहे. पंधरापेक्षा कमी आकड्याची कोणतीही फाइल उघडली की पट्टीत Compatibility Mode दिसतं. ‘ही फाइल मी तिच्या काळच्या नियमांनी दाखवतो आहे’, एवढंच वर्ड त्यातून सांगत असतो. म्हणजे खरं तर ती काळजी घेतल्याची खूण आहे.

यातून एक गोष्ट निघते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. फाइलचा फॉरमॅट आणि मांडणीचे नियम या दोन वेगळ्या बाबी आहेत. .doc हा जुना बायनरी फॉरमॅट. वर्ड २००७ बरोबर आलेली .docx म्हणजे अनेक छोट्या एक्सएमएल फायलींचं झिप करून बांधलेलं गाठोडं. हा नवा फॉरमॅट डिसेंबर २००६ मध्ये एक्मा संस्थेनं आणि २००८ मध्ये आयएसओनं प्रमाण म्हणून स्वीकारला. पण .docx असली म्हणजे नियमही आजचेच असतील असं नाही. २००८ मध्ये वर्ड २००७ वर केलेली .docx आजही त्याच खुणेसकट उघडते, तेव्हा लोक चक्रावतात, कारण नावाचा शेवट तर नवाच दिसतो. फाइलचा आकडा पाहायचा असेल तर फाइल उघडी ठेवून Alt+F11, मग Ctrl+G दाबावं आणि खाली उघडलेल्या चौकटीत हे टाइप करून एंटर दाबावं:

```
? ActiveDocument.CompatibilityMode
```

उत्तरात ११, १२, १४ किंवा १५ यांपैकी एक आकडा येतो. Convert हे बटण या दोन्ही गोष्टी एका दमात बदलतं: .doc ची .docx करतं आणि आकडा १५ वर नेतं. आपल्याला बहुतेक वेळा यांपैकी पहिलीच गोष्ट हवी असते.

आता त्या तीन पानांकडे येऊ.

वर्डमध्ये प्रत्येक परिच्छेदाला वरची जागा आणि खालची जागा असे दोन आकडे देता येतात, पॉइंटमध्ये. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. आपल्या उपविधींमध्ये टाइप करणाऱ्यानं प्रत्येक परिच्छेदाला वर ६ आणि खाली ६ पॉइंट जागा दिली होती. मग लागोपाठच्या दोन परिच्छेदांमध्ये किती जागा सुटेल? सरळ बेरीज केली तर १२. पहिल्याची खालची सहा अधिक दुसऱ्याची वरची सहा. जुना वर्ड अशीच बेरीज करत असे. वेबपानांची रीत मात्र वेगळी आहे. तिथे समोरासमोर आलेल्या दोन जागांची बेरीज होत नाही, त्यांतली मोठी तेवढी धरली जाते. दोन्ही सहाच असतील तर अंतर सहाच. वर्डनं पुढे हीच रीत उचलली, पण जुन्या फायलींसाठी बेरजेची सोय एका पर्यायाच्या रूपात ठेवली. त्याचं नाव आहे Don't use HTML paragraph auto spacing. नावावरून त्याचा अर्थ कुणाला लागेल अशी अपेक्षा कशी ठेवली असेल, देव जाणे. हा पर्याय निवडलेला असेल तर बेरीज, नसेल तर मोठी ती जागा. वर्ड २०१३ पासून, म्हणजे आकडा १५ असलेल्या फायलींमध्ये, हा पर्याय उरलेलाच नाही. तिथे बेरीज होत नाही.

म्हणजे रूपांतरानंतर ६ आणि ६ हे आकडे जसेच्या तसे आहेत. परिच्छेदाच्या गुणधर्मांची चौकट उघडून पाहिलं तर तीच संख्या दिसेल आणि माणूस म्हणेल, काहीच बदललेलं नाही. बदलला आहे तो हिशोब. एका पानावर सरासरी आठ ठिकाणी परिच्छेद बदलत असेल, तर दर पानामागे आठ गुणिले सहा, म्हणजे ४८ पॉइंट जागा वाचली. इंचाचा दोनतृतीयांश भाग, म्हणजे तीन-साडेतीन ओळी. एका पानावर हे नजरेतही भरणार नाही. पण खालचं पान त्या तीन ओळी वर ओढून घेतं, त्याच्या खालचं सहा ओळी, आणि घसरण साचत जाते. चाळीस पानांत ४८ पॉइंटप्रमाणे १९२० पॉइंट झाले. ए-फोर कागदावर वर-खाली एकेक इंच समास सोडला तर मजकुरासाठी साधारण ६९८ पॉइंट उंची उरते. १९२० ला ६९८ नं भागलं की पावणेतीन पानं. चाळिसाची सदतीस होतात ती अशी, आणि तिसाव्या पानापर्यंत पोचताना दोन पानांची घसरण झालेली असते.

प्रत्यक्षात हिशोब इतका सुबक जमत नाही. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करण्यासाठी पेज ब्रेक टाकलेला असेल तर घसरण त्या प्रकरणापुरतीच राहते आणि पुढचं प्रकरण बऱ्याचदा आपल्या जुन्याच पानावर सापडतं. मग दस्तऐवज वरवर शाबूत दिसतो, पण प्रकरणाच्या पोटातले उल्लेख चुकतात. पकडायला हे जास्त कठीण. गंमत अशी की ज्यानं परिच्छेदांची जागा शून्य ठेवून मध्ये नुसते एंटर मारून रिकाम्या ओळी सोडल्या, त्याच्या फाइलला हा नियम स्पर्शही करत नाही, कारण रिकामी ओळ हाही एक परिच्छेदच आणि त्याची उंची ओळीएवढी. वर्ड शिकवणारे ज्या सवयीला नावं ठेवतात, ती इथे वाचवते. नीट शिकून, आकडे भरून काम केलेला माणूस मात्र अडकतो.

हा पर्याय आपल्या फाइलमध्ये निवडलेला आहे का, ते रूपांतराआधीच पाहता येतं. File, Options, Advanced या वाटेनं जाऊन तळाशी उतरलं की फाइलच्या नावासमोर Layout Options सापडतं. जुन्या फाइलमध्ये ते उघडलं की कितीतरी खुणांची यादी समोर येते. ओळी सरळ करताना वर्डपरफेक्टसारखं वागावं, पान मांडताना प्रिंटरची मापं वापरावीत, अशा एकेका काळाच्या सवयी तिथे जपलेल्या आहेत. आकडा १५ झाला की ही यादी आखडून थोड्या ओळींवर येते. जे पर्याय यादीतून गेले, त्यांचा परिणामही फाइलमधून गेला.

परिच्छेदांखेरीज आणखी एक ठिकाण तपासावं लागतं: टेबल. वर्ड २०१० पर्यंत टेबलातला मजकूर बाहेरच्या मजकुराच्या रेषेत यायचा आणि टेबलाची डावी रेघ समासात किंचित बाहेर डोकवायची. हा ‘किंचित’ म्हणजे खान्यातली आतली मोकळी जागा, मुळात ०.०८ इंच, दोन मिलिमीटर. २०१३ च्या नियमांत रेघ समासाच्या रेषेत येते आणि मजकूर आत सरकतो. एरवी दोन मिलिमीटरचं कुणाला काय, पण छापील फॉर्मवर मजकूर उमटवायचा असेल तर अक्षरं चौकटीबाहेर पडतात. व्याजदरांचा तक्ता पूर्ण रुंदीचा असेल तर त्याची उजवी कडा समासाबाहेर जाऊ शकते.

रूपांतरानं काय बदलत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण दोष भलत्याच गोष्टीवर ठेवला जातो. ‘नव्या वर्डनं माझा फाँट बदलला, ओळींत जास्त अंतर घातलं’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. वर्ड २००३ मध्ये कोरा कागद उघडला की टाइम्स न्यू रोमन, १२ आकार आणि परिच्छेदाखाली शून्य जागा मिळायची. २००७ मध्ये कॅलिब्री ११, परिच्छेदाखाली १० पॉइंट आणि १.१५ पट ओळअंतर आलं. २०१३ मध्ये ते ८ पॉइंट आणि १.०८ पट झालं. पण हे सगळं नव्या कोऱ्या फाइलसाठी. तुमच्या जुन्या फाइलच्या स्टाइल तिच्याच पोटात असतात आणि रूपांतर त्यांना हात लावत नाही. जुना मजकूर कॉपी करून नव्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवला तर मात्र नव्या फाइलच्या स्टाइल त्याच्यावर बसतात आणि अंतर वाढतं. रूपांतरानं पानं कमी झाली आणि चिकटवल्यानं वाढली, असं एकाच कार्यालयात एकाच आठवड्यात घडू शकतं.

आणि कधी कधी Convert ला हात न लावताही फाइल वेगळी दिसते. खूण पट्टीत आहे, नियम जुनेच आहेत, तरी ओळी भलतीकडेच तुटतात. इथे बहुतेक वेळा फाँट नसतो. फाइलमध्ये फाँटचं नाव असतं, फाँट असेलच असं नाही. तो संगणकावर सापडला नाही की वर्ड गुपचूप दुसरा वापरतो. Options मधल्या Advanced मध्येच Font Substitution हे बटण आहे. या फाइलमधले कोणते फाँट सापडले नाहीत आणि त्यांच्या जागी काय वापरलं, ते तिथे दिसतं. मराठी फायलींत याची गाठ फार वेळा पडते, त्याबद्दल शेवटी. क्रम मात्र असाच ठेवावा: आधी फाँट बसवून फाइल मूळ छापील प्रतीशी जुळते का पाहावं, मगच रूपांतराचा विचार करावा. दोन्ही बदल एकदम झाले तर कोणता फरक कशामुळे झाला ते सांगता येत नाही.

पतसंस्थेनं काय करायला हवं होतं? उपविधींची जुनी प्रत फक्त जपायची असेल, तर काहीच नाही. जुनी .doc आजचा वर्ड व्यवस्थित उघडतो. Compatibility Mode मध्येच तिची पीडीएफ करून ठेवली की पान ३० कायमचं पान ३० राहतं.

नवा फॉरमॅट हवा पण पानं हलायला नकोत, अशी गरज असेल तर Convert ऐवजी Save As घ्यावं, प्रकार .docx निवडावा आणि Maintain compatibility with previous versions of Word या ओळीसमोर खूण करावी. फाइल .docx होते, नियम जुने राहतात आणि पट्टीतले ते दोन शब्दही राहतात. राहू द्यावेत. फाइलमध्ये मॅक्रो असतील तर एक अडचण येते: .docx मध्ये मॅक्रो राहू शकत नाहीत, त्यासाठी .docm हा वेगळा प्रकार घ्यावा लागतो. Save As चा आणखी एक फायदा म्हणजे मूळ फाइल जागेवर राहते. Convert केल्यानंतर सेव्ह केलं की जुन्या .doc ची जागा नवी फाइल घेते. सेव्ह करण्याआधी लक्षात आलं तर न सेव्ह करता बंद करावं, काही बिघडत नाही. सेव्ह झाल्यावर मात्र मागे जाण्यासाठी जुनी प्रत कुठेतरी ठेवलेली असावी लागते.

उपविधींत दरवर्षी दुरुस्त्या व्हायच्या आहेत, चार-पाच जण ती फाइल हाताळणार आहेत, तर पूर्ण रूपांतर करणंच बरं. त्यासाठी अंतराचे आकडे अशा रीतीनं मांडता येतात की बेरीज करा किंवा मोठी जागा धरा, उत्तर एकच येईल. सगळी जागा एकाच बाजूला टाकायची. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये वर ६, खाली ६ होतं, त्याऐवजी वर शून्य, खाली १२ करावं. बारा अधिक शून्य बारा, आणि बारा व शून्य यांतला मोठाही बाराच. शीर्षकांचा हिशोब वेगळा करावा लागतो. शीर्षकाच्या वर १८ आणि खाली ६ असेल, तर जुन्या बेरजेनं आधीच्या परिच्छेदाचे ६ मिळून वर २४ सुटत होते आणि खाली ६ अधिक ६ असे १२. म्हणून शीर्षकाला वर २४, खाली १२ द्यावे. वरच्या परिच्छेदाचे १२ आणि शीर्षकाचे २४ यांत मोठे २४ च धरले जातात, म्हणजे अंतर जुनंच राहिलं. हे दोन स्टाइलचे बदल केले की नाहीशी झालेली पावणेतीन पानं बहुतांशी परत येतात.

बहुतांशी, कारण काही परिच्छेद हट्टी निघतात. टाइप करणाऱ्यानं कुठे कुठे स्टाइल बाजूला ठेवून थेट त्या परिच्छेदालाच आकडे दिलेले असतात, आणि स्टाइल बदलली तरी ते तसेच राहतात. पानं जिथून घसरू लागली आहेत त्या परिच्छेदात कर्सर ठेवून Shift+F1 दाबलं की बाजूला चौकट उघडते आणि तिच्यात स्टाइलमधून आलेलं काय नि वरून दिलेलं काय ते दिसतं. वरून दिलेलं काढायला Ctrl+Q पुरतं. चाळीस पानांची जुनी छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक पानाची पहिली ओळ तेवढी ताडून पाहावी. पहिली ओळ जुळली की वरचं पान बरोबर आहे. हातानं टाइप केलेली अनुक्रमणिका या टप्प्यावर काढून शीर्षकांवरून आपोआप बनणारी घालावी, आणि पुढच्या ठरावांत पानाऐवजी उपविधीचा क्रमांक लिहायची सवय लावावी.

आता मराठी फाँटची गोष्ट. २००३ सालची मराठी फाइल बहुधा युनिकोडमध्ये नसते. श्रीलिपीचे किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फाँट तेव्हा घरोघरी होते, आणि त्यांत पडद्यावर ‘ठराव’ दिसला तरी फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो. म्हणूनच फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल अगम्य चिन्हांनी भरलेली दिसते. Convert हे शब्द वाचून अनेकांना वाटतं की आता हा मजकूर युनिकोड होईल. तसं होत नाही. नव्या .docx मध्येही तीच चिन्हं असतात, ‘ठराव’ टाइप करून शोधलं तर काहीही सापडत नाही, आणि फाँट काढला की पुन्हा अगम्य. त्यासाठी त्या त्या फाँटच्या सांकेतिक रचनेसाठी बनवलेला वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याच्यातून आलेली जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

युनिकोड केल्यावर मंगलसारखा फाँट आला की मांडणी तिसऱ्यांदा बदलते, कारण त्याच्या ओळी मुळातच उंच असतात. पानं भराभर वाढतात. ती आवरण्यासाठी ओळअंतराला Exactly निवडून छोटा आकडा दिला तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. त्यापेक्षा ओळी आटोपशीर असलेला कोकिळासारखा फाँट निवडावा किंवा आकार एखाद्या पॉइंटनं कमी करावा. म्हणून जी फाइल पुढे युनिकोड करायचीच आहे, तिच्यात ६ चे १२ आणि १८ चे २४ करण्याची मेहनत आधी घेऊ नये. अक्षरं बदलून घ्यावीत, फाँट ठरवावा, आणि अंतराचे आकडे त्यानंतर बसवावेत.